न विचारता काढलेला विमा

मे महिन्याचा शेवटचा आठवडा उलटला की पासबुक छापून घ्यावं आणि दोन ओळी शोधाव्यात. एका ओळीत ४३६ रुपये वजा झालेले दिसतील, दुसऱ्या ओळीत २०. पुढे इंग्रजी अक्षरांची एक लांबलचक माळ असते. ज्याला त्या योजना ठाऊक नाहीत त्याला ती वाचून काहीच कळत नाही. ४३६ रुपये प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजनेचे आणि २० रुपये सुरक्षा विमा योजनेचे. पहिलीत खातेदार कोणत्याही कारणाने वारला तरी घरच्यांना दोन लाख रुपये मिळतात. दुसरीत अपघाती मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर दोन लाख, अंशतः अपंगत्व आलं तर एक लाख. दोन्ही विम्यांचं वर्ष १ जूनला सुरू होतं आणि ३१ मेला संपतं, म्हणून पैसे साधारण २५ ते ३१ मेच्या दरम्यान आपोआप कापले जातात.

भांडुपच्या आमच्या वाचनालयात शनिवारी संध्याकाळी आम्ही काही जणी एक टेबल मांडून बसतो. मी एरवी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते. टेबलाशी येणाऱ्यांना मात्र अर्थशास्त्र नको असतं. रेशनकार्डावर नाव चढवायचं असतं, आधारवरची जन्मतारीख दुरुस्त करायची असते, बँकेचं पत्र वाचून हवं असतं. टेंभीपाड्यातून, हनुमाननगरातून धुण्याभांड्याची कामं करणाऱ्या बायका येतात, वॉचमन येतात, रिक्षावाले येतात. जूनमध्ये त्यांतल्या बऱ्याच जणांच्या हातात पासबुक असतं आणि प्रश्न ठरलेला असतो : "मॅडम, हे चारशे छत्तीस कसले कापले?"

या प्रश्नाकडे मी आता फार गांभीर्याने बघते. वर्गात मी ज्याला 'नज', म्हणजे हलकासा धक्का, म्हणून शिकवते ती कल्पना इथे पासबुकावर छापून आलेली असते. ती बरी की वाईट हे तपासायला मला याहून चांगलं उदाहरण सापडलेलं नाही.

कल्पना थोडक्यात अशी. माणसासमोर दोन वाटा असतात आणि बहुतेक वेळा तो काहीच निवडत नाही. अर्ज घरी राहतो, रकाना कोरा राहतो. मग 'काहीच न केल्यास काय होईल' हे ज्याने ठरवलं, त्यानेच बऱ्याच अंशी निकाल ठरवलेला असतो. या आपोआप लागू होणाऱ्या पर्यायाला डीफॉल्ट म्हणतात. ब्रिजिट मेड्रियन आणि डेनिस शे यांनी २००१ साली अमेरिकेतल्या एका कंपनीच्या निवृत्तिवेतन योजनेचा अभ्यास प्रसिद्ध केला. पूर्वी तिथे नव्या कर्मचाऱ्याला योजनेत यायचं तर अर्ज भरावा लागे, आणि पहिल्या काळात निम्म्याहून कमी लोक येत. कंपनीने नियम उलटा केला : आपण आहातच, नको असेल तर सांगा. सहभाग ८६ टक्क्यांवर गेला. पगार तोच, योजनाही तीच होती.

अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड थेलर आणि कायद्याचे अभ्यासक कॅस सनस्टीन यांनी २००३ पासून याचं धोरणात रूपांतर करण्याची बाजू मांडली. थेलर यांना २०१७ मध्ये नोबेल मिळालं. आपल्याकडे २०१८-१९ च्या आर्थिक पाहणीत, कृष्णमूर्ती सुब्रमण्यन मुख्य आर्थिक सल्लागार असताना, यावर अख्खं प्रकरण आलं आणि नीती आयोगात वर्तन-अर्थशास्त्राचा वेगळा विभाग असावा अशी शिफारस झाली. युक्तिवाद असा की सक्ती कुणावर नाही, बाहेर पडायचं दार उघडं आहे, मग स्वातंत्र्य शाबूत आहे. आणि कोणतातरी एक पर्याय आपोआप लागू होणारच असेल तर तो लोकांच्या भल्याचा का नसावा?

हा शेवटचा प्रश्न मला अजूनही बिनतोड वाटतो. कोरा रकाना हाही एक निर्णयच असतो, फक्त तो कुणी घेतल्याचं दिसत नाही. 'सरकारने काहीच ठरवू नये' असं म्हणणाऱ्याला, मग रकाना कोरा राहिल्यावर काय व्हावं, हे सांगावंच लागतं. त्यामुळे डीफॉल्ट असावा की नसावा या वादात मला रस उरलेला नाही. तो कुठे ठेवला आहे आणि त्याच्या आधी काय घडलं आहे, यावर सगळं ठरतं.

जीवन ज्योतीचे कागद बघितले तर ती योजना डीफॉल्ट नाहीच. कोलकात्यात ९ मे २०१५ ला ती सुरू झाली तेव्हापासून तिला एक संमतिपत्र आहे. वय १८ ते ५० असलेला खातेदार त्यावर सही करतो, वारस म्हणून कुणाचं तरी नाव लिहितो, आणि दरवर्षी माझ्या खात्यातून हप्ता कापून घ्यावा असा अधिकार बँकेला देतो. एकदा आलेल्याला वयाच्या ५५ पर्यंत राहता येतं. म्हणजे आत येताना स्पष्ट होकार हवा आणि नंतरचं नूतनीकरण आपोआप. कागदावर ही रचना मला अगदी योग्य वाटते.

प्रत्यक्षात होतं असं : खातं उघडायला गेलेल्या माणसासमोर सात-आठ कागदांची चळत येते. जिथे पेन्सिलीने फुली केली आहे तिथे सही करायची. त्यात एक कागद या विम्याचा असतो. कधी कर्जाच्या वेळी येतो, कधी केवायसी नव्याने करताना. शाखेला वरून आकडा आलेला असतो, आणि तो मार्चअखेर किंवा एखाद्या मोहिमेच्या शेवटी भरून दाखवायचा असतो. सही करणाऱ्याला काही वाचून दाखवलं जात नाही, कारण मागे रांग आहे. अशा वेळी होकार मागितला जात नाही, गोळा केला जातो. ज्याला कायद्याच्या भाषेत निवड म्हणायचं ते व्यवहारात डीफॉल्ट होऊन बसतं. बाईला वाटतं खातं उघडलं. तिने विमाही घेतलेला असतो.

यात कुणी मोठी लूट करतंय असं मला म्हणायचं नाही. ४३६ रुपयांचा हिशेब उघड आहे : ३९५ रुपये विमा कंपनीला, ११ बँकेला प्रशासकीय खर्चापोटी, आणि पहिल्या वर्षी ३० रुपये ज्याच्यामार्फत नोंद झाली त्या प्रतिनिधीला. महिन्याला ३६ रुपयांच्या आसपास पडणारा, वैद्यकीय तपासणी न मागणारा, दोन लाखांचा आयुर्विमा बाजारात सहज मिळणार नाही. १ जून २०२२ पूर्वी तर हप्ता ३३० रुपये होता. टेबलाशी कुणी विचारलं तर, घरात तिच्या कमाईवर अवलंबून असलेलं कुणी असेल तर, मी हा विमा घ्या असंच सांगते. म्हणूनच हे उदाहरण अवघड आहे. वस्तू वाईट असती तर प्रश्न सोपा होता. इथे चांगली वस्तू माणसाच्या नकळत त्याच्या हातात ठेवली आहे.

आता एका घराची गोष्ट सांगते.

एक ताई दोन पासबुकं घेऊन आल्या. नवरा रंगकाम करायचा. दिवाळीनंतर काही दिवसांनी झोपेतच गेला. चाळिशीही गाठली नव्हती. ताईंना त्याची खाती बंद करून उरलेले पैसे काढायचे होते. एका खात्यात तीनेक हजार होते, दुसऱ्यात काहीशे. शाखेने मृत्यूचा दाखला, आधार आणि अर्ज मागितला होता, आणि तो अर्ज लिहून घ्यायला त्या आमच्याकडे आल्या होत्या. दोन्ही पासबुकांत आदल्या मेच्या शेवटी ४३६ रुपये कापलेले होते.

मी विचारलं, "ताई, यांचा विमा होता हे माहीत होतं का?"

"नाही ओ. ते कधी बोललेच नाहीत. त्यांना तरी माहीत होतं की नाही, देव जाणे."

नोव्हेंबरात मृत्यू, विमा पुढच्या ३१ मेपर्यंत चालू. ताई दोन लाखांच्या हक्कदार होत्या आणि तीन हजारांसाठी अर्ज लिहून घेत होत्या. खाती बंद झाली असती, पासबुकं कपाटात गेली असती, आणि तो विमा कधी होता याची आठवणही कुणाला राहिली नसती.

दोन खाती, दोन हप्ते, म्हणून चार लाख मिळतील असं त्यांच्या दिराला वाटलं. तसं होत नाही. एका माणसाला एकाच खात्यातून हा विमा घेता येतो. चुकून दोन खात्यांतून हप्ता गेला तर रक्कम दोन लाखच राहते आणि दुसरा हप्ता परत मिळत नाही, तो जप्त होऊ शकतो. योजनेच्या नियमांतच तसं लिहिलं आहे. नियम वाचून सही करणाऱ्यासाठी तो ठीक आहे. पण दोन वेगळ्या शाखांनी दोन वेगळ्या चळतींमधून सही घेतली असेल, तर दुसऱ्या हप्त्याची 'चूक' कुणाची, हे त्या नियमाला विचारता येत नाही.

मग संमतिपत्र शोधलं गेलं. वारसाच्या रकान्यात त्याच्या आईचं नाव होतं. खातं लग्नाआधीचं, नंतरच्या कागदांत तेच नाव उतरत गेलेलं, आणि आई काही वर्षांपूर्वीच वारलेली. वारस हयात नाही म्हटल्यावर कायदेशीर वारसांचे कागद आले, प्रतिज्ञापत्र आलं, मुलांचे जन्मदाखले आले. दाव्याचा अर्ज, मृत्यूचा दाखला, ताईंच्या खात्याचा रद्द केलेला चेक आणि पावती हे वेगळंच. कागद पूर्ण असले तर बँकेने तो दावा सात दिवसांत विमा कंपनीकडे पाठवावा आणि कंपनीने पुढच्या सात दिवसांत निकाली काढावा, अशी अपेक्षा आहे. इथे वेळ गेला तो कागद पूर्ण व्हायला. त्यासाठी ताईंनी कामावरच्या किती घरी सुट्ट्या मागितल्या, ते त्यांनाच ठाऊक. पैसे आले. मोठ्या मुलीची बारावीनंतरची फी त्यातून भरली.

ही गोष्ट मी कॉलेजात एका सहकाऱ्याला सांगितली तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे डीफॉल्टने काम केलंच की! विचारलं असतं तर त्याने 'नको' म्हटलं असतं, आणि आज त्या बाईला काहीच मिळालं नसतं."

हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. स्वायत्ततेची चर्चा बऱ्याचदा ज्यांच्या घरी आधीच विमा आहे तेच करतात. उद्याचा दिवस कसा जाईल या विवंचनेत असलेला माणूस विम्याचा विचार पुढे ढकलतो. त्यात त्याची अक्कल कमी पडते असं नाही. ढकलण्यासारख्या गोष्टींत विमा सगळ्यात वरचा असतो, एवढंच. त्याच्या वतीने कुणीतरी तो विचार केला तर त्यात अपमान कसला? सहकाऱ्यांचा मुद्दा हाच होता, आणि तो माणुसकीतूनच आलेला होता.

पण त्या ताईंना पैसे डीफॉल्टमुळे मिळाले का? डीफॉल्टने फक्त हप्ता कापला. पैसे मिळाले ते पासबुकातली ओळ कुणीतरी वाचली म्हणून. निवृत्तिवेतनाच्या योजनेत आणि विम्यात हा मोठा फरक आहे, आणि नजवर बोलताना तो सुटून जातो. निवृत्तिवेतनात कर्मचारी काही न करता साठ वर्षांचा झाला तरी पैसे त्याच्याच नावावर साठलेले असतात. त्याला ते विसरायला झालं तरी एक दिवस समोर येतात. विमा तसा नसतो. ज्याने घेतला तो नसतानाच तो उपयोगी पडतो, आणि मागणाऱ्याला तो माहीत असेल तरच. न सांगता साठवलेली बचत ही तरी बचत असते. न सांगता काढलेला विमा म्हणजे, मागे राहिलेल्या बाईच्या दृष्टीने, फक्त ४३६ रुपयांची वजावट असते.

सरकारी आकड्यांनुसार एप्रिल २०२५ पर्यंत जीवन ज्योतीत एकूण २३ कोटींहून अधिक नोंदी झाल्या आणि सुमारे नऊ लाख वीस हजार दाव्यांचे पैसे दिले गेले. नऊ लाख घरांना दोन लाख मिळाले ही मोठीच गोष्ट आहे आणि ती मी कमी लेखणार नाही. मात्र २३ कोटी हा आकडा सुरुवातीपासूनच्या साऱ्या नोंदींची बेरीज आहे. त्यातले किती विमे आज चालू आहेत, आणि चालू असलेल्यांतल्या किती घरांना ते ठाऊक आहेत, हे त्यावरून कळत नाही. डीफॉल्टचं यश नोंदींत मोजायची सवय लागली की, न मागितलेले दावे कुठल्याच तक्त्यात दिसत नाहीत. जो दावा करायलाच आला नाही, त्याची नोंद कोण ठेवणार?

फसवणूक आणि आदर यांच्यातली रेघ माझ्या मते इथून जाते. ज्याच्या भल्यासाठी म्हणून धक्का दिला, त्याला तो धक्का सांगितला तर काय होईल? सांगितल्यावरही चालणारा डीफॉल्ट माणसाशी प्रामाणिक असतो. सांगितल्यावर कोसळणारा डीफॉल्ट आधीपासूनच त्याच्या अज्ञानावर उभा असतो.

सांगितल्यावर डीफॉल्ट कोसळतातच, असाही एक समज आहे. म्हणून धोरण आखणारे गप्प राहणं पसंत करतात. जॉर्ज लोवेनस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये हेच तपासलं. विषय होता शेवटच्या आजारपणात कोणत्या प्रकारचे उपचार हवेत ते आधीच लिहून ठेवण्याचा. अर्जात एक पर्याय आधीच निवडून ठेवला होता. सहभागींपैकी काहींना स्पष्ट सांगितलं की हा पर्याय आम्ही निवडून ठेवला आहे, आणि आपल्यावर त्याचा परिणाम व्हावा हाच त्यात हेतू आहे. तरीही डीफॉल्टचा परिणाम फारसा घटला नाही. माणसाला कळलं, त्याने मान हलवली, आणि बऱ्याच जणांनी समोर ठेवलेलंच स्वीकारलं. एका अभ्यासावर सगळं उभं करू नये. पण 'सांगितलं तर योजनाच बसेल' हे कारण पुढे करणाऱ्यांनी तो वाचावा असं मला फार वाटतं.

आपल्या मध्यमवर्गाच्या वाट्याला आलेला डीफॉल्ट बघा. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून नवी करप्रणाली आपोआप लागू होते. जुनी हवी असेल तर तसं सांगावं लागतं. त्यावर महिनोन्महिने वर्तमानपत्रांत तक्ते छापून आले. कार्यालयांनी पत्रकं काढली, सीएंनी दोन्हीकडचे आकडे मांडून दाखवले. ढकललं सगळ्यांनाच, पण ढकलणारा हात दिसत होता. आणखी एक गोष्ट : केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला ऑनलाइन व्यवहारांतल्या फसव्या रचनांबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. ग्राहकाच्या संमतीशिवाय बिलात जादा वस्तू, सेवा किंवा देणगी घुसवणं त्यात गैर ठरवलं आहे. मोबाइलवर तिकीट काढणाऱ्याला मिळालेलं हे संरक्षण, बँकेच्या टेबलावर फुलीच्या जागी सही करणाऱ्या बाईपर्यंत त्याच जोमाने पोचायला हवं. तिच्यासमोरचा कागदही बिलात घुसवलेल्या वस्तूसारखाच असतो.

नूतनीकरण आपोआप होण्याच्या बाजूने मी ठाम आहे, हेही सांगायला हवं. ज्याने समजून होकार दिला त्याला दर मेमध्ये पुन्हा रांगेत उभं करणं म्हणजे पुष्कळांचे विमे विसरभोळेपणात घालवणं. आधीच्या निर्णयाला पुढे नेणारा डीफॉल्ट माणसाला मदत करतो. मला खटकतो तो निर्णयाच्या जागीच येऊन बसणारा.

मात्र याच नूतनीकरणात एक उलटा डीफॉल्ट दडलेला आहे, आणि तो टेबलाशी बसल्याशिवाय मला दिसला नसता. खात्यात पुरेशी शिल्लक नसेल तर हप्ता कापला जात नाही आणि १ जूनपासून विमा बंद. नंतर पुन्हा यायचं तर वर्षाच्या उरलेल्या भागानुसार हप्ता कमी होतो : सप्टेंबरपासून ३४२, डिसेंबरपासून २२८, मार्चपासून ११४. पण नव्याने आलेल्याला पहिले तीस दिवस अपघात सोडून इतर कारणाने मृत्यू झाला तर काही मिळत नाही. आता तारखा बघा. घरकाम करणाऱ्या बाईचा पगार एक ते सात तारखेच्या आत येतो आणि पंचवीस तारखेला खातं तळाला गेलेलं असतं. त्यात मे म्हणजे शाळांना सुट्टी, गावी जाणं, लग्नसराई, आणि जूनच्या वह्या-पुस्तकांची तयारी. वर्षातला पैशांनी सगळ्यात ओढगस्तीचा आठवडा हप्ता कापण्यासाठी निवडला गेला आहे. मुद्दाम कुणी तसं केलं नसेल. विम्याचं वर्ष जूनला सुरू होतं म्हणून ते आलं. पण परिणाम असा की, ज्याच्या खात्यात शिल्लक राहते त्याचा विमा झोपेतही चालू राहतो, आणि ज्याला त्याची अधिक गरज त्याचा न कळत बंद पडतो. दोघांनीही काहीच केलेलं नसतं. स्वेच्छेच्या नावाखाली इथे पगाराची तारीख निवड करते.

आणि एसएमएस? तो इंग्रजीत येतो, आणि अनेकदा मुलाच्या मोबाइलवर. खात्याला जोडलेला नंबर तोच असतो. कापल्याचा येतो, पण न कापल्याने काय बंद झालं हे सांगणारा एकही एसएमएस आजवर टेबलाशी आमच्या बघण्यात आलेला नाही.

गेल्या काही महिन्यांत आम्ही शनिवारी एक गोष्ट सुरू केली. पासबुकात ४३६ ची ओळ दिसली की आम्ही आधी काहीही सुचवत नाही. मराठीत सांगतो : हा विमा आहे, एवढे पैसे, दरवर्षी अमुक दिवसांत कापले जातात, तुम्ही गेलात तर यांना मिळतील, आणि नको असेल तर शाखेत अर्ज देऊन बंद करता येतो. योजनेचे मराठी अर्ज jansuraksha.gov.in वर आहेत, ते छापून ठेवले आहेत. मग तीन प्रश्न. ठेवायचा का? वारस कोण लिहिलंय? ज्याचं नाव लिहिलंय त्याला हे माहीत आहे का? ठेवायचा असेल तर पासबुकाच्या आतल्या पानावर पेनाने योजनेचं नाव, रक्कम आणि वारसाचं नाव लिहितो. घरी जाऊन ते पान नवऱ्याला किंवा मुलीला दाखवा, असं सांगतो. दोन खात्यांतून हप्ता जात असेल तर कोणत्या खात्यातला बंद करायचा ते त्यांनीच ठरवायचं.

एका शाखेतल्या अधिकाऱ्यांना हे सगळं करताय का, असं विचारलं तेव्हा ते मनापासून म्हणाले, "मॅडम, प्रत्येकाला असं समजावत बसलो तर दिवसाला पाच खाती उघडतील." त्यांची अडचण खोटी नाही. माणसं कमी आहेत आणि आकडा वरून येतो. म्हणून माझं म्हणणं त्यांच्याकडे नाही, आकडा ठरवणाऱ्यांकडे आहे. शाखेला किती नोंदी केल्या असं विचारण्याऐवजी, नोंद असलेल्यांपैकी किती जणांच्या वारसाला फोन गेला असं विचारा. संमतिपत्रावर वारसाचा मोबाइल नंबर घ्या आणि विमा चालू झाल्याचा, नूतनीकरण झाल्याचा, बंद पडल्याचा मराठी संदेश त्या नंबरवर पाठवा. खातेदाराच्या मृत्यूमुळे खातं बंद करायला कुणी आलं तर आधी हा विमा तपासल्याशिवाय अर्ज पुढे सरकूच नये, हाही एक डीफॉल्टच होईल, आणि तो मला मनापासून हवा आहे. शिल्लक नसेल तर १० जूनपर्यंत पुन्हा एकदा हप्ता कापायचा प्रयत्न व्हावा.

विचारल्यावर लोक 'नको' म्हणतात का? काही म्हणतात. त्यातल्या एका मावशींचं बोलणं सहकाऱ्यांना मी आवर्जून सांगितलं. वय अठ्ठेचाळीस, नवरा नाही, दोन्ही मुलगे कमावते, वेगळे राहणारे. विमा कधी घेतला हे त्यांना आठवत नव्हतं. सगळं नीट ऐकून घेतलं, बोटं मोजून हिशेब केला आणि म्हणाल्या, "माझ्यामागं दोन लाखांवाचून कोणाचं अडणार नाही. दोघांत भांडण मात्र लागेल. तो अपघाताचा वीस रुपयांचा राहू दे. हात मोडला तर मला खायला कोण घालणार? पण हा मोठा बंद करा."

अपघाताच्या योजनेत कायमचं अपंगत्व धरलं जातं, नुसता हात मोडला तर काही मिळत नाही, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी क्षणभर विचार केला आणि तरीही तोच ठेवला. सोमवारी त्या अर्ज घेऊन शाखेत गेल्या. तिथल्या मुलीने "अहो मावशी, कशाला बंद करताय, फायद्याचा आहे" असं म्हटलं, तेव्हा त्यांनी तिला पुन्हा तेवढंच शांतपणे सांगितलं आणि अर्जावर पोच घेतली.